गेटवर एक टक्का, मशीनवर चार : कास्टिंग पुरवठादाराचं गुणपत्रक कसं बनवायचं

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी इन्कमिंग क्वालिटी पाहत होतो, तेव्हा दर तिमाहीला पुरवठादारांचं गुणपत्रक काढायचं काम माझ्याकडे आलं. कोल्हापूरकडच्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून पंपाचं बेअरिंग हाउसिंग येई. ग्रे कास्ट आयर्न, ग्रेड एफजी २६०. पहिल्या तिमाहीचं पत्रक मी गेटवरच्या तपासणीवरून बनवलं. त्यात ज्या फाउंड्रीला सगळ्यात वरचा नंबर मिळाला, तिच्याच कास्टिंगने नाकारलेल्या नगांची आमची लाल पेटी रोज भरत होती. मशीन शॉपच्या सुपरवायझरने पत्रक पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे आपल्याच कंपनीचं आहे ना?"

मी बेरीज बरोबर केली होती. चूक त्याआधीच झाली होती : कुठले नग मोजायचे, कशाने भागायचं आणि नाकारलेला नग कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे मी ठरवलंच नव्हतं. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. एक्सेलचा भाग सोपा आहे, तोही येईल. उदाहरणात एप्रिल ते जूनची एक तिमाही आणि तीन फाउंड्र्या घेतल्या आहेत. त्यांना क, ख, ग म्हणू. हिशेब डोक्यात करता यावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत.

पहिली पायरी : नोंदी कुठे कुठे आहेत ते शोधा

कास्टिंगचा दोष एका जागी सापडत नाही, म्हणून त्याच्या नोंदीही एका रजिस्टरमध्ये सापडत नाहीत. बहुतेक शॉपमध्ये त्या चार ठिकाणी असतात. स्टोअरकडे जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद असते. त्यात चलानवरची संख्या आणि प्रत्यक्ष मोजलेली संख्या असते. क्वालिटीकडे इन्कमिंग इन्स्पेक्शन रिपोर्ट असतो. मशीन शॉपमध्ये रोजची रिजेक्शन शीट असते. आणि अकाउंट्सकडे डेबिट नोट व परतीच्या चलानाची फाइल.

यातली मशीन शॉपची शीट सगळ्यात मोलाची, आणि तीच सगळ्यात वाईट लिहिलेली असते. तेलाचे डाग, पेन्सिलने टाकलेला आकडा, दोषाच्या रकान्यात नुसतं "होल". तरी ती सोडू नका. मी पहिल्या वेळी तिलाच बगल दिली होती.

मशीनवर नाकारलेल्या नगाचे दोन प्रकार शॉपमध्ये सगळ्यांना माहीत असतात. दोष ओतकामाचा असेल तर सीआर, म्हणजे कास्टिंग रिजेक्शन. चूक मशीनिंगची असेल तर एमआर. पुरवठादाराच्या पत्रकात फक्त सीआर जायला हवा. ऑपरेटरने ऑफसेट चुकवून बोअर मोठं केलं तर त्याच्याशी फाउंड्रीचा संबंध नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण भांडणं इथेच होतात. ऑपरेटरला एमआर आपल्या नावावर नको असतो, त्यामुळे शंका आली की तो सीआरचा टॅग लावतो.

यावर एकच उपाय चालला. रोज सकाळी पहिल्या चहाआधी लाल पेटीपाशी प्रॉडक्शनचा एक माणूस आणि क्वालिटीचा एक माणूस उभा राहील आणि प्रत्येक नग हातात घेऊन शिक्का मारेल. आधल्या दिवसाचे दहा-बारा नग, पंधरा मिनिटांचं काम. आठवडाभर साठवलं की कोण काय बोललं होतं ते कुणालाच आठवत नाही.

काही नग खरोखर संशयाचे असतात. उदाहरणार्थ फेस मारल्यावर एका बाजूला काळं राहिलं. कास्टिंगमध्ये मशीनिंग अलाउन्स कमी होता, की नग फिक्स्चरमध्ये नीट बसला नव्हता? अशा वेळी त्याच हीटचे, म्हणजे त्याच ओतकामातले, पाच कच्चे नग काढून सर्फेस प्लेटवर मोजा. कच्च्या नगातच माल कमी असेल तर सीआर. पाचही नग बरोबर असतील तर फिक्स्चरच्या लोकेटरखाली चिप अडकली आहे का ते पाहा. आमच्याकडे अशा वादांपैकी बरेच चिपवरच मिटत.

दुसरी पायरी : लॉट एका शीटवर, दोष दुसऱ्या शीटवर

सगळी माहिती एकाच लांबलचक तक्त्यात भरायचा मोह होतो. तो टाळा. समजा एका लॉटमध्ये ४०० नग आले आणि त्यात चार प्रकारचे दोष निघाले. एकाच शीटवर लिहिलंत तर त्या लॉटच्या चार ओळी होतील आणि प्रत्येक ओळीत "आलेले नग ४००" असं लिहिलं जाईल. पिव्होट टेबल ते बेरजेत घेऊन १,६०० दाखवेल आणि रिजेक्शनचा दर चौथ्या हिश्शावर येईल. जितके जास्त दोष तितका पुरवठादार चांगला दिसतो! ही चूक मी इतरांच्या पत्रकांतही पाहिली आहे. ती पकडायची सोपी खूण म्हणजे तिमाहीची एकूण आवक जीआरएन रजिस्टरशी ताडून पाहणे.

म्हणून दोन शीट करा. `Lots` शीटवर प्रत्येक लॉटची एकच ओळ : लॉट नंबर, पुरवठादार, तारीख, हीट कोड, आलेले नग. एका लॉटमध्ये दोन दिवसांचं ओतकाम मिसळून आलं असेल तर दोन ओळी करा आणि लॉट नंबरला १ व २ जोडा. हीट कोड बहुधा कास्टिंगवरच उठवलेला असतो आणि तो बहुतेक ओतकामाच्या दिवसाचा असतो. हा रकाना कंटाळा करून रिकामा ठेवू नका. त्याचा उपयोग पुढे येतो.

`Rej` शीटवर प्रत्येक दोषाची एक ओळ : लॉट नंबर, टप्पा, दोष, नगावरची जागा, संख्या. टप्प्यासाठी दोनच शब्द ठेवा, `GATE` आणि `CR`. पुरवठादाराचं नाव इथे पुन्हा टाइप करू नका. एकाच फाउंड्रीचं नाव तीन स्पेलिंगने लिहिलं गेलं की तीन पुरवठादार तयार होतात. ते लॉट नंबरावरून आणा :

```
=INDEX(Lots!B:B,MATCH(A2,Lots!A:A,0))
```

इथे `#N/A` आलं तर लॉट नंबर चुकला आहे किंवा तो लॉट `Lots` शीटवर नाही. दोन्ही गोष्टी कळणं उपयोगाचंच आहे. `IFERROR` लावून ही चूक झाकू नका.

तिसरी पायरी : दोषांची नावं एकसारखी करा

आमच्या जुन्या शीट्समध्ये एकाच दोषाला ब्लो होल, बीएच, होल, गॅस, पोरोसिटी आणि एके ठिकाणी नुसतं "खड्डा" असं लिहिलेलं होतं. तशीच मोजणी केली तर सहा छोटे दोष दिसतात आणि खरा मोठा दोष लपून जातो.

आठापेक्षा जास्त नावं ठेवू नका. ग्रे आयर्नसाठी मी ही ठेवली : ब्लो होल, सँड, श्रिंकेज, कोल्ड शट, मिसमॅच, कोअर शिफ्ट, हार्ड स्पॉट आणि इतर. "इतर" मध्ये तिमाहीच्या एकूण रिजेक्शनच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त माल जमला, तर त्यातून एक नवं नाव बाहेर काढायची वेळ झाली.

ही नावं एकमेकांपासून डोळ्यांनी वेगळी काढता आली पाहिजेत. ब्लो होल आतून गुळगुळीत आणि गोलसर असतं, गॅसचा बुडबुडा अडकल्यासारखं. श्रिंकेजची पोकळी आतून खडबडीत, फांद्या फुटल्यासारखी असते आणि ती बहुधा जाड भागात, जिथे धातू शेवटी थंड होतो तिथे सापडते. सँडच्या खड्ड्यात वाळूचे कण दिसतात. टोकदार स्क्रायबरने खरवडलं की ते सुटतात. मिसमॅच म्हणजे साच्याच्या वरच्या आणि खालच्या पेटीची रेषा सरकलेली, तो बोटालाच लागतो. हार्ड स्पॉट दिसत नाही. तो टूलच्या आवाजावरून आणि तुटलेल्या इन्सर्टवरून कळतो, आणि मग हार्डनेस टेस्टरवर पक्का होतो. प्रत्येक प्रकारचा एकेक कापलेला नमुना मशीन शॉपच्या भिंतीला लावला, तेव्हा आमच्या शीटमधला "खड्डा" बंद झाला.

आता नगावरची जागा. हा रकाना बहुतेक पत्रकांत नसतो, पण फाउंड्रीला खरा उपयोग त्याचाच होतो. आमच्या हाउसिंगमध्ये मधलं बोअर वाळूच्या कोअरने बनतं. ब्लो होल बोअरच्या भिंतीत सापडलं तर गॅस कोअरमधून आला असण्याची शक्यता जास्त. वरच्या फ्लँजवर सापडलं तर संशय साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यावर किंवा गॅस बाहेर जायच्या वाटेवर जातो. नुसतं "ब्लो होल १२१" पाठवलं की फाउंड्रीचा माणूस "बघतो" म्हणतो. "ब्लो होल, बोअरमध्ये, एवढे" म्हटलं की तो थेट कोअर शॉपकडे जातो.

चौथी पायरी : सँपलच्या आकड्याला लॉटचा आकडा समजू नका

गेटवर डोळ्यांनी पाहणी आम्ही शंभर टक्के करायचो. माप आणि हार्डनेस मात्र नमुन्यावर. नमुना किती घ्यायचा यासाठी आयएस २५००, भाग १ चा तक्ता वापरात आहे, तो आयएसओ २८५९-१ शी जुळतो. ४०० नगांचा लॉट, सर्वसाधारण तपासणी पातळी दोन म्हटलं की नमुना ५० नगांचा. एक्यूएल, म्हणजे स्वीकारार्ह गुणवत्तेची मर्यादा, १.० धरला तर एक सदोष नग चालतो, दोन निघाले की लॉट नापास.

फाउंड्री 'क'च्या एका लॉटमध्ये त्या ५० पैकी ३ नगांत कोअर शिफ्ट निघाला, भिंत एका बाजूला पातळ. लॉट नापास झाला. आता पत्रकात काय लिहायचं? माझ्या टेबलावर या एकाच घटनेचे तीन आकडे आले. स्टोअरच्या कारकुनाने ४०० पैकी ३ धरून ०.७५ टक्के काढले. क्वालिटीच्या मुलाने ५० पैकी ३ म्हणून ६ टक्के लिहिले. आणि लॉट परत पाठवायचा म्हणून खरेदी विभागाने ४०० पैकी ४००, म्हणजे १०० टक्के रिजेक्शन टाकलं.

पहिला आकडा सरळ चुकीचा आहे. उरलेले ३५० नग कुणी मोजलेच नाहीत, तर ते चांगले कसे धरायचे? दुसरा आकडा अंदाज म्हणून ठीक आहे. तिसऱ्यात लॉटचं नापास होणं आणि नग वाईट असणं यांची गल्लत झाली आहे.

मी शेवटी असा नियम केला : लॉट नापास झाला की त्याची नोंद "नापास लॉट" या वेगळ्या रकान्यात जाईल. नगांच्या दरात फक्त सॉर्टिंगनंतरचा आकडा जाईल. त्या लॉटचं सॉर्टिंग फाउंड्रीच्या माणसाने आमच्याकडे येऊन केलं, ४०० पैकी २१ नग निघाले. नमुन्याने ६ टक्क्यांचा अंदाज दिला होता, निघाले ५.२५. पत्रकात आलं : नापास लॉट १२ पैकी १, कोअर शिफ्ट २१ नग. सॉर्टिंग न करता लॉट तसाच परत गेला तर त्याचे नग दराच्या हिशेबातून पूर्ण काढा, वरूनही आणि खालूनही. फक्त नापास लॉट म्हणून मोजा.

डेव्हिएशनवर, म्हणजे ड्रॉइंगबाहेर असूनही खास सहीने घेतलेला माल हा याचाच भाऊ. ड्रॉइंगवर हार्डनेस १८० ते २३० बीएचएन. 'क'चा एक लॉट २३६ ला आला. डिस्पॅच अडलं होतं म्हणून सहीने घेतला. तो लॉट नाकारला नाही म्हणून पत्रकात काहीच दिसत नव्हतं. नंतर त्या तिमाहीत 'क'चे हार्ड स्पॉटमुळे १७ नग गेले, त्यातले ११ याच लॉटचे होते. तेव्हापासून डेव्हिएशनचा एक रकाना ठेवला. डेबिट नोट निघत नसली तरी नोंद राहते.

पाचवी पायरी : कशाने भागायचं

जुलैमध्ये मशीनवर निघालेला सीआर जुलैच्या आवकेने भागू नका. कास्टिंग येऊन पडतं, तीन-चार आठवड्यांनी मशीनवर चढतं. 'क'कडून महिन्याला साधारण १,६०० नग येत. समजा एखाद्या महिन्यात त्यांची भट्टी दुरुस्तीला निघाली आणि ४०० च नग आले, पण आधीच्या महिन्याच्या मालातून ६० सीआर निघाले. साध्या भागाकाराने १५ टक्के येतात. खरं तर ते ६० नग १,६०० मधले होते.

उपाय म्हणजे दोष लॉटला चिकटवायचा, महिन्याला नाही. म्हणूनच हीट कोड लागतो. नग कधीही नाकारला गेला तरी त्यावरच्या कोडवरून तो कोणत्या लॉटचा ते कळतं आणि तो त्याच लॉटच्या खात्यात जातो. याची किंमत म्हणजे थांबावं लागतं. एप्रिल ते जूनचं पत्रक मी जुलैच्या शेवटी काढायचो, सगळे लॉट मशीनवरून उतरल्यावर. साहेबांना १ तारखेलाच पत्रक हवं असेल तर ज्या लॉटचं मशीनिंग पूर्ण झालेलं नाही ते बाजूला ठेवून काढा आणि तसं वर लिहा.

आता भागाकार. गेटवरचा दर काढताना खाली आलेले नग घ्या. सीआरचा दर काढताना खाली मशीनवर चढलेले नग घ्या, म्हणजे आलेल्यांतून गेटवर नाकारलेले वजा करून. एकूण दरासाठी पुन्हा आलेले नग. सारांशाच्या शीटवर A2 मध्ये पुरवठादार असेल तर :

```
B2: =SUMIFS(Lots!E:E,Lots!B:B,A2)
C2: =SUMIFS(Rej!E:E,Rej!F:F,A2,Rej!B:B,"GATE")
D2: =SUMIFS(Rej!E:E,Rej!F:F,A2,Rej!B:B,"CR")
E2: =C2/B2
F2: =D2/(B2-C2)
G2: =(C2+D2)/B2
```

`Lots` मध्ये B रकाना पुरवठादाराचा आणि E आलेल्या नगांचा आहे. `Rej` मध्ये B टप्पा, E संख्या आणि F पुरवठादार. लिबरऑफिसमध्ये शीटच्या नावानंतर उद्गारचिन्हाऐवजी टिंब येतं, बाकी सूत्रं हीच.

तिमाहीचं चित्र असं उभं राहिलं :

| | क | ख | ग |
|---|---|---|---|
| लॉट | १२ | ९ | ४ |
| आलेले नग | ४,८०० | २,७०० | ६०० |
| गेटवर नाकारले | ४८ | ८१ | ६ |
| मशीनवर सीआर | १८८ | २६ | १२ |
| गेटचा दर | १.००% | ३.००% | १.००% |
| सीआरचा दर | ३.९६% | ०.९९% | २.०२% |
| एकूण दर | ४.९२% | ३.९६% | ३.००% |

गेटची ओळ एकटी वाचली तर 'ख' सगळ्यात वाईट. माझ्या पहिल्या पत्रकात तेच झालं होतं. पूर्ण तक्त्यात चित्र उलटं होतं.

एक छोटी गोष्ट, पण दर वेळी कुणीतरी चुकतं : तिघांचा मिळून दर हवा असेल तर तीन टक्केवारींची सरासरी काढू नका. ती ३.९६ येते. खरा दर ८,१०० पैकी ३६१, म्हणजे ४.४६. सरासरीत ६०० नगवाल्या 'ग'ला ४,८०० नगवाल्या 'क'इतकंच वजन मिळतं.

ग्राहक पीपीएममध्ये मागत असेल तर एकूण दराला दहा लाखांनी गुणा. 'क'चे ४९,१६७ होतात. कच्च्या कास्टिंगला पीपीएम लावणं मला जरा नाटकी वाटतं, पण फॉर्म भरावाच लागतो.

सहावी पायरी : दोष कुठे सापडला, त्याला वजन द्या

'क'चा एकूण दर ४.९२ आणि 'ख'चा ३.९६. फरक फार नाही असं वाटतं. पण 'ख'चे बहुतेक नग गेटवरच बाजूला पडले. त्यावर आमचा खर्च झाला तो उचलण्या-ठेवण्याचा. 'क'चे १८८ नग टर्निंग आणि बोअरिंग होऊन मग भंगारात गेले. मशीनचा वेळ, इन्सर्ट, पगार सगळं त्यांच्यावर खर्च झालेलं. कास्टिंगची किंमत डेबिट नोटने परत मिळते. मशीनिंगचा खर्च वसूल करायचा म्हटलं की दोन महिने फोनाफोनी.

वजन हवेतून ठरवू नका, आपल्या खर्चावरून काढा. आमच्या हिशेबाने गेटवर नाकारलेल्या नगामागे साधारण ३० रुपये जात आणि दोष दिसेपर्यंत झालेल्या मशीनिंगचे १५० रुपये. म्हणून गेटला १ आणि सीआरला ५. दर १०० नगांमागे दोषगुण किती :

```
H2: =(C2+5*D2)/B2*100
```

'क' : ४८ अधिक १८८ गुणिले ५, म्हणजे ९८८. ते ४,८०० नगांवर, शंभरामागे २०.६. 'ख' : ८१ अधिक १३०, म्हणजे २११. ते २,७०० नगांवर, शंभरामागे ७.८. टक्केवारीत जवळ दिसणाऱ्या दोघांत आता अडीच पटींहून जास्त अंतर आहे. एका दोषगुणाला ३० रुपये धरले तर 'क'मुळे तिमाहीत २९,६४० रुपये गेले, 'ख'मुळे ६,३३०. खरेदी विभागाशी बोलताना टक्के बाजूला ठेवा आणि हा आकडा सांगा.

नग ग्राहकाकडे पोचून परत आला तर त्याला याच सूत्रात आणखी मोठं वजन द्यावं लागेल. आमच्याकडे त्या तिमाहीत तसं झालं नाही, म्हणून इथे घेतलं नाही.

'ग'चं काय? शंभरामागे ११ दोषगुण. पण चारच लॉट, ६०० नग. ६०० पैकी १८ वरून निघालेला ३ टक्क्यांचा दर नुसत्या योगायोगानेही १.९ ते ४.७ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. कास्टिंगचे दोष सुटे येत नाहीत, हीटबरोबर घोळक्याने येतात, म्हणून खरी अनिश्चितता याहून जास्तच. 'ग'च्या १२ सीआरपैकी ९ एकाच हीटचे होते. मी नियम ठेवला होता की हजार नग किंवा पाच लॉट झाल्याशिवाय क्रमांक द्यायचा नाही, फक्त आकडे लिहायचे. त्यावरून नव्या पुरवठादाराला लगेच मोठी ऑर्डर द्यायला निघालेल्या खरेदीच्या साहेबांशी माझा वादही झाला.

तुमचा ग्राहक आयएटीएफ १६९४९ मागत असेल तर पुरवठादाराच्या पत्रकात वेळेवर पुरवठा आणि जादा भाड्याने मागवलेला माल हेही दाखवावं लागतं. ते दाखवा, पण वेगळ्या ओळीत. गुणवत्ता आणि डिलिव्हरी मिसळून एकच "८२ गुण" काढले की वेळेवर येणारा वाईट माल पास होतो.

सातवी पायरी : दोषांची उतरंड आणि हीटचा तक्ता

प्रत्येक पुरवठादारासाठी `Rej` वरून पिव्होट काढा. ओळीत दोष, रकान्यात टप्पा, आत संख्येची बेरीज, मोठ्यापासून लहानाकडे. 'क'च्या १८८ सीआरमध्ये ब्लो होल १२१, सँड ३८, हार्ड स्पॉट १७, श्रिंकेज १२. गेटवरचे ४८ : कोअर शिफ्ट २१, सँड १५, आणि इतर १२, हे वाहतुकीत कान तुटलेले. 'ख'चे गेटवरचे ८१ : मिसमॅच ५२, कोल्ड शट ९ आणि इतर २०, म्हणजे नीट न घासलेला फ्लॅश. सीआरचे २६ : सँड १४, ब्लो होल १२.

'ख'चा मिसमॅच पाहून त्यांना फोन केला तर त्यांनी पेट्यांच्या पिना आणि बुश झिजले आहेत हे लगेच मान्य केलं. दोष उघड्यावर होता, कारण माहीत होतं, फक्त खर्च करायचा होता.

'क'चं तसं नव्हतं. त्यांचा माणूस म्हणाला, "साहेब, आमच्याकडनं तर सगळं ओके जातंय. ब्लो होल सगळ्यांनाच येतंय की ओ." म्हणून `Rej` वर हीट कोडही लॉट नंबरावरून, `Lots` च्या D रकान्यातून आणला आणि दुसरा पिव्होट काढला : ओळीत हीट कोड, आत फक्त ब्लो होल. १२१ पैकी ८९ तीन लॉटमध्ये निघाले, म्हणजे १,२०० नगांत ७.४ टक्के. उरलेल्या नऊ लॉटमध्ये ३,६०० नगांत ३२, एक टक्काही नाही. तिन्ही लॉटचं ओतकाम जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातलं, आणि जागेच्या रकान्यात त्या ८९ पैकी ८१ ला "बोअर" लिहिलेलं.

जूनचा दुसरा पंधरवडा म्हणजे कोल्हापुरात पाऊस लागलेला. कोअर करून उघड्यावर ठेवले की ते हवेतली ओल ओढतात. गरम धातू त्यावर गेला की ओलीची वाफ होते आणि बाहेर जायला वाट मिळाली नाही तर बोअरच्या भिंतीत बुडबुडा अडकतो. हे माझं अनुमान होतं, पुरावा नव्हे. फाउंड्रीला मी कारण लिहून पाठवलं नाही. तीन कोड, जागा आणि कापलेल्या नगांचे चार फोटो पाठवले.

आठवी पायरी : पाठवण्याआधी ताळा

`Rej` ची एकूण बेरीज ३६१ आली. परतीच्या चलानांची बेरीज ३५४. सात नग कमी. दोन दिवस शोधल्यावर ते स्क्रॅप यार्डात सापडले. कुणीतरी लाल पेटीऐवजी थेट भंगारात टाकले होते, म्हणजे त्यांची डेबिट नोटही निघाली नव्हती. हा ताळा न करता पत्रक गेलं, तर पुरवठादार पहिला प्रश्न विचारतो, "तुमच्या चलानात नग कमी आहेत, मग पत्रकात जास्त कुठून आले?" मग बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पत्रक एका पानात ठेवा. वर आवक, तिन्ही दर, नापास लॉट आणि डेव्हिएशन. मध्ये दोषांची उतरंड, जागेसह. खाली सगळ्यात वाईट तीन हीट कोड आणि मागच्या दोन तिमाहींचे दर शेजारी. दुसऱ्या पुरवठादारांचे आकडे एकमेकांना पाठवू नका.

उत्तर आलं की त्यात "लक्ष देऊ" एवढंच असेल तर परत पाठवा. "कोणत्या हीट कोडपासून बदल केला?" हा एकच प्रश्न विचारा. 'क'ने कोअर बंद खोलीत, ओव्हनजवळ ठेवायला सुरुवात केली आणि पहिला कोड कळवला. तो `Lots` शीटवर पिवळा केला. त्यापुढचे पहिले दोन लॉट मशीनवरून उतरले तेव्हा ८०० नगांत ब्लो होल ९ होते, त्यातले बोअरमधले ३. शिरोलीला पाऊस अजून चालूच होता.